साडेतीन किलोची भेट

आमच्या शाळेच्या स्टाफरूममधलं मोठं टेबल सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लग्नघरासारखं दिसत होतं. विज्ञान शिकवणारी माझी मैत्रीण एम.एस्सी. करायला जर्मनीला, लाइपझिगला निघाली होती. ती तलासरीची, वारली समाजातली, माझ्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान. सहा वर्षं आमचे तास एकमेकींच्या शेजारच्या वर्गांत होते. आधी ती मला "मॅडम" म्हणायची, मग माझ्या उर्दूच्या मुलींचं ऐकून "आपा" म्हणायला लागली आणि तेच राहिलं.

टेबलावर काय होतं ते सांगते. तीन लिटरचा कुकर (हा माझा). काचेच्या फ्रेममधलं वारली चित्र, लग्नाचा चौक असलेलं. स्टीलचे चार डबे, एकात एक बसणारे. एक किलो पेढे. कैरीच्या लोणच्याच्या दोन काचेच्या बरण्या. आणि टेबलावर नव्हती पण घरी तयार होती ती तिच्या आईने शिवलेली गोधडी.

तिचं तिकीट तेवीस किलोच्या एका बॅगेचं होतं, वर हातात सात किलो. काही विमान कंपन्या विद्यार्थ्यांना एक जादा बॅग देतात, पण ते तिकीट काढतानाच मागावं लागतं. हिने काढलेल्या स्वस्त तिकिटात ती नव्हती. कपडे, बूट, दोन पुस्तकं, जाकीट असं तिचं स्वतःचं सामान भरून झालं तेव्हा आम्ही ते माझ्या शेजारच्या चिकूवाल्यांच्या काट्यावर ठेवलं. खोकी भरून रोज मुंबईला माल पाठवणारा माणूस, त्याचा काटा खोटं बोलत नाही. एकोणीस किलो सहाशे ग्रॅम. म्हणजे उरले तीन किलो चारशे.

मग मी भेटींचं वजन केलं. कुकर एक किलो सातशे, चित्र एक नऊशे, डबे एक दोनशे, पेढे एक किलो, लोणचं बरण्यांसकट दीड किलो, गोधडी दोन सहाशे. बेरीज नऊ किलो नऊशे.

ती काट्याकडे बघत म्हणाली, "आपा, कुणाला नाही कसं म्हणू?"

खरा प्रश्न हाच होता. वजनाचं गणित चौथीतल्या मुलालाही येतं. पण ज्या सरांनी ती नोकरीला लागली तेव्हापासून तिला सांभाळून घेतलं, त्यांचं चित्र परत कसं द्यायचं? आईची गोधडी घरी कशी ठेवायची? आणि तिच्या घरातून, तिच्या पाड्यातून परदेशात शिकायला जाणारी ती पहिलीच. ज्याने-त्याने आपल्या ऐपतीपेक्षा जास्तच आणलं होतं.

मी म्हटलं, "नाही मी म्हणते. सुरुवात माझ्या कुकरपासून."

कुकर घेताना मला फार शहाणी असल्यासारखं वाटलं होतं. आता विचार केला तर त्यात दोन अडचणी. एक वजन. दुसरी चूल. तिकडे होस्टेलच्या सामायिक स्वयंपाकघरात गॅस क्वचित असतो. विजेची काचेची शेगडी असते नाहीतर इंडक्शन. काचेच्या शेगडीवर सपाट बुडाचा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालेल, इंडक्शनवर तो गरमच होणार नाही, कारण इंडक्शनला चुंबक चिकटेल असं बूड लागतं. कुठली शेगडी आहे हे तिथे पोचल्याशिवाय कळणार नव्हतं. तो कुकर आता तलासरीला तिच्या आईकडे आहे आणि चांगला चाललाय.

मी एवढं बोलते आहे ते अनुभवावरून, अक्कल आधीपासून होती म्हणून नाही. तीन वर्षांपूर्वी माझा भाचा जर्मनीला गेला तेव्हा मी त्याला क्रोशाची नक्षी असलेले उशीचे दोन अभ्रे दिले होते. महिनाभर खपून विणलेले. त्याने तिथून फोटो पाठवला: एक प्रचंड चौकोनी उशी आणि तिच्या पोटावर माझा अभ्रा, लहान मुलाच्या टोपीसारखा. जर्मनीतली नेहमीची उशी ऐंशी सेंटीमीटर बाय ऐंशी सेंटीमीटर असते, आपल्यासारखी लांबट नाही. "खालाजान, सुंदर आहे, पण बसत नाही," असं त्याने लिहिलं. पोरगा सभ्य आहे. ते अभ्रे त्याने खुर्चीच्या पाठीला लावले.

म्हणून या वेळी मी आधी भाच्याला फोन केला. काय पाठवू, असं विचारलं नाही. त्याला मुंबई सोडल्यापासूनचे पहिले तीन-चार दिवस तासातासाने सांगायला लावले. कुठे अडलास, काय हाताशी नव्हतं, काय उगाच नेलंस. पोरं वस्तूंची यादी विचारली की उत्साहात काहीही सांगतात. दिवस सांगायला लावले की खरं बाहेर येतं.

त्याने पहिली गोष्ट सांगितली ती मला कुठल्याही यादीत सापडली नसती. "तिची खोलीची चावी कधी मिळणार ते बघा." होस्टेलची चावी तिथला व्यवस्थापक कामाच्या दिवशी, ठरलेल्या वेळेतच देतो. मैत्रीण 2 ऑक्टोबरला पोचणार होती, आपल्याकडे त्या दिवशी दसरा आणि गांधी जयंती. दुसरा दिवस 3 ऑक्टोबर, जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, देशभर सुट्टी, दुकानं बंद. 4 तारखेला शनिवार, दुकानं उघडी. 5 तारखेला रविवार, परत बंद. तिकडे रविवारी दुकानं बंदच असतात. रेल्वे स्टेशनातली काही आणि पेट्रोल पंपावरची तेवढी चालू. म्हणजे दोन तारखेला फ्रँकफर्टला उतरून, तिथून तीन-साडेतीन तासांची रेल्वे पकडून, दुपारी व्यवस्थापक घरी जायच्या आत तिला पोचायचं होतं. पोचली तरी दोन रात्री झोप नाही. संध्याकाळी बाजारहाट करायला ती बाहेर पडेल याची खात्री नाही. नाही पडली, तर पुढचे छत्तीस तास जे बॅगेत असेल तेच खायचं.

ते छत्तीस तास धरून मी भेटी ठरवल्या.

खाण्यापासून सुरुवात करते, कारण आपले लोक सगळ्यात जास्त चुका तिथेच करतात. युरोपियन युनियनमध्ये बाहेरच्या देशांतून प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. थोडेसेसुद्धा नाहीत, डबाबंद असले तरी नाहीत. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून हा नियम आहे. म्हणजे पेढे गेले, बर्फी गेली, तूप गेलं, आणि आमच्याकडची हौसेने बांधून दिलेली सुक्या खिम्याची पुडीही गेली. ताज्या फळांना आणि भाज्यांना रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, केळं, नारळ, दुरियन आणि खजूर एवढ्या पाचांना सूट आहे. त्यामुळे घोलवडचा चिकू, ज्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि ज्याच्या जिवावर आमचा अर्धा डहाणू उभा आहे, तो ताजा नेता येत नाही. वाळवलेल्या चिकूच्या चकत्या मात्र नेता येतात आणि त्या वजनाला काहीच नसतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या हा आणखी एक घोटाळा. आपल्याला वाटतं किती निरुपद्रवी. पण खोबऱ्यात तेल असतं, ते तापतं, पेट घेऊ शकतं, म्हणून विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत ते चालत नाही आणि विमानतळावर बॅग उघडायला लावतात. जाता जाता एक सांगते, कारण आमच्या भागातले बरेच लोक आखाती देशांत जातात: खसखस युरोपात बेकरीत पावावर भुरभुरलेली मिळते, पण दुबई किंवा सौदीला जाणाऱ्याच्या मसाल्यात ती चुकूनही घालू नका. तिथे ती अमली पदार्थांत धरतात.

मग काय दिलं? खिचडीची पाच पाकिटं, घरी केलेली. एका पाकिटात पाऊण वाटी तांदूळ आणि पाव वाटी मूगडाळ, दोन्ही कोरडी खमंग भाजलेली, त्यात मीठ, हळद, जिरं आणि थोडं तिखट. भाजल्यामुळे ती लवकर शिजते आणि फोडणीची गरज राहत नाही. फोडणी हा तिकडे गंभीर विषय आहे. खोल्यांच्या छताला धुराची सूचना देणारं यंत्र बसवलेलं असतं आणि आपली मोहरी-हिंगाची फोडणी त्याला आग वाटते. भाच्याच्या होस्टेलात पहिल्याच आठवड्यात एका तमिळ मुलाच्या सांबारामुळे सगळा मजला खाली अंगणात येऊन उभा राहिला होता. शिवाय भाजून मीठ-मोहरी घातलेले कोरडे पोहे, तेलावर केलेल्या मेथीच्या ठेपल्यांचा एक गठ्ठा (आम्ही गुजरातच्या वेशीवरचे, ठेपले आमचेही आहेतच), पाव किलो खजूर आणि चिकूच्या चकत्या. सगळं मिळून नऊशे ग्रॅम. महिनाभराचे मसाले मुद्दाम दिले नाहीत. जर्मनीच्या बहुतेक शहरांत तुर्की दुकानं असतात, तिथे डाळ, तांदूळ, हळद, जिरं सगळं मिळतं, आणि आमच्या पोरांसाठी हलाल मटणही. दोन आठवड्यांपुरत्या पुड्या पुष्कळ झाल्या.

शिजवायला भांडं हवं. सामायिक स्वयंपाकघरात भांडी असतील असं धरून चालायचं नाही. असली तर ती कुणाची तरी असतात. एक लिटरचं सपाट बुडाचं स्टीलचं पातेलं, त्यावर झाकण म्हणून बसेल अशी ताटली, एक चमचा आणि छोटी सुरी. पाचशे ग्रॅम. पातेल्याला बाजारातच फ्रिजवर लावायचं चुंबक लावून बघितलं आणि चिकटलं तेच घेतलं, म्हणजे इंडक्शनचाही प्रश्न मिटला. दुकानदाराला वाटलं बाईला काहीतरी झालंय. सुरी मोठ्या बॅगेत, हातातल्या नाही.

विजेच्या बाबतीत लोक विनाकारण घाबरतात. तिथलाही दाब आपल्यासारखाच, 230 व्होल्ट, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर वगैरे काही लागत नाही. फरक फक्त भोकांचा. मोबाइलच्या चार्जरची दोन बारीक पिना सरळ बसतात. लॅपटॉपची आपली तीन गोल पिनांची केबल बसत नाही. त्यासाठी आम्ही दोन गोष्टी दिल्या: लॅपटॉपच्या ठोकळ्याला लागणारी, जर्मन पिनची केबल आणि एक साधा अ‍ॅडॉप्टर, ज्याच्यामागे आपला छोटा एक्स्टेन्शन बोर्ड लावला की चार वस्तू चालतात. चारशे ग्रॅम. यात एक खाच आहे. स्वस्तातले बरेच अ‍ॅडॉप्टर तिसरी पिन नुसती आत सामावून घेतात, तिला अर्थिंगला जोडत नाहीत. ओळखायचं असं: जर्मन बाजूला नुसत्या दोन दांड्या असतील तर अर्थिंग नाही, गोल जाड बूड आणि त्याच्या कडेला धातूच्या दोन पट्ट्या असतील तर आहे. अर्थिंग नसलेल्यावर मोबाइल चालवा, पाणी तापवायची किटली किंवा इस्त्री चालवू नका. आणि किटली तर एक्स्टेन्शन बोर्डावर अजिबात नाही.

पॉवर बँक आठवीच्या वर्गाने वर्गणी काढून दिली होती. दहा हजार एमएएचची. ती मोठ्या बॅगेत टाकली तर काढायला लावतात. हातातल्या सामानातच न्यायची. शंभर वॅट-अवरपर्यंत चालते, आणि दहा हजारवाली साधारण सदतीसच भरते. वर्गात गुणाकार करून दाखवला, 10 गुणिले 3.7. विज्ञानाच्या बाई जात असताना विज्ञानाचा शेवटचा तास मी घेतला असं झालं.

आता जरा लाजायचा विषय. तिकडच्या संडासात पाण्याचा नळ नसतो, कागद असतो. याबद्दल निरोप समारंभात कुणी बोलत नाही आणि पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त पंचाईत याचीच होते. आमच्या घरात तर लोटा हा पाकीचा भाग, त्यामुळे भाच्याच्या वेळी अम्मीने पहिली चौकशी हीच केली होती. घरातली मऊ प्लॅस्टिकची बाटली, झाकणाला तापलेल्या सुईने पाच-सहा भोकं. पन्नास ग्रॅम. विकतची वाकड्या तोंडाची येते तीही चांगली. मी ती कापडी पिशवीत घालून तिच्या हातात दिली तेव्हा ती इतकी हसली की शिपाई आत बघून गेला.

औषधांत मी डॉक्टरांना विचारून फारच थोडं दिलं. पॅरासिटामॉल, ओआरएस, जुलाबाची गोळी, तिचं नेहमीचं थायरॉइडचं औषध तीन महिन्यांचं. जर्मनीत स्वतःपुरतं तीन महिन्यांचं औषध नेता येतं. गोळ्या पट्टीतच ठेवायच्या, डबीत ओतायच्या नाहीत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत, औषधाच्या मूळ नावासकट. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध नको. अडीचशे ग्रॅम. थायरॉइडची गोळी मात्र हातातल्या बॅगेत, कारण मोठी बॅग मागे राहू शकते.

सगळ्यात उपयोगी भेट कोणती, असं मला विचाराल तर दुसरा चष्मा. तिला जाड नंबर आहे. चष्मा फुटला तर तिला फळाही दिसत नाही आणि स्टेशनची पाटीही. तिकडे नवा करायचा म्हणजे डॉक्टरांची वेळ, खर्च आणि वाट बघणं. आम्ही चौघींनी पैसे काढून स्टेशनजवळच्या दुकानातून त्याच नंबरचा साधा चष्मा करून घेतला आणि नंबरचा कागद घरटात घडी करून ठेवला. घराचं वजन धरून ऐंशी ग्रॅम, तेही हातातल्या बॅगेत.

काही भेटींना वजनच नसतं आणि त्या कुणाला सुचत नाहीत. तिचा भारतातला मोबाइल नंबर चालू राहिला नाही तर बँकेचा ओटीपी येणार नाही, आणि शैक्षणिक कर्जाचं खातं इथेच आहे. म्हणून सरांच्या मुलाने त्या नंबरचा वर्षाचा रिचार्ज करून दिला. रोमिंग इथे असतानाच सुरू करून घेतलं, कारण ते सुरू करायलाही कधी कधी ओटीपीच लागतो. तिथल्या इंटरनेटसाठी दोन आठवड्यांचं ई-सिम. जर्मन सिमला पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, त्यात दोन-चार दिवस जातात.

पैशांचंही असंच. जर्मनीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो एका बंद खात्यात आधी भरून दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 युरोच सुटतात. आणि तेही तिथे गेल्यावर स्वतःचं बँक खातं उघडल्यानंतर. खातं उघडायला बऱ्याचदा पत्ता नोंदवल्याचा कागद मागतात. पत्ता नोंदवायची वेळ मिळायला कधी आठवडे लागतात, आणि त्यासाठी घरमालकाने सही केलेला कागद हवा. कायदा म्हणतो दोन आठवड्यांत नोंदवा. थोडक्यात, बारा लाख रुपये खात्यात असलेली मुलगी पहिले दोन-तीन आठवडे खिशातल्या नोटांवर जगते. स्टाफच्या वर्गणीतून काहीतरी "आठवण" घ्यायचं ठरलं होतं. मी ते बदलून युरोच्या पाच आणि दहाच्या नोटा आणायला लावल्या. काहींना पाकिटात पैसे देणं कोरडं वाटलं. वाटू दे.

नाणी इथल्या पैसे बदलून देणाऱ्यांकडे मिळत नाहीत. आणि तिथे दुकानातली ट्रॉली साखळीने बांधलेली असते. एक युरो किंवा पन्नास सेंटचं नाणं खाचेत घातलं की सुटते, ट्रॉली परत लावली की नाणं परत मिळतं. भाचा सुट्टीला आला होता तेव्हाची तीन नाणी माझ्याकडे पडून होती. आमच्याकडे प्रवासाला निघणाऱ्याच्या दंडाला इमाम जामिन बांधतात, कापडात एक नाणं शिवून. सुखरूप पोचलं की ते सदका म्हणून द्यायचं. काही लोकांना ही प्रथा मान्य नाही, आमच्या नात्यातच वाद आहेत, अम्मी बांधते. तिने मैत्रिणीच्या दंडालाही हिरव्या कापडात बांधलं, आणि आत रुपयाऐवजी मी एक युरो घातला. अम्मीला सांगितलं तेव्हा म्हणाली, "चालेल. तिकडच्या गरिबाला तिकडचाच पैसा उपयोगी."

राहिली गोधडी.

तिच्या आईचं म्हणणं सोपं होतं: तिकडे थंडी, पोर गारठेल. चुकीचं काहीच नव्हतं. होस्टेलच्या खोलीत पलंग आणि गादी असते, अंथरूण-पांघरूण बहुतेक वेळा नसतं, म्हणजे पहिल्या रात्री गोधडी लागणारच. आनंदीबाई जोशींची गोष्ट मी वर्गात शिकवते. 1883 साली कलकत्त्याहून बोटीने त्या अमेरिकेला डॉक्टर व्हायला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडायच्या, तिथल्या थंडीत ते सोसेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. पदवी घेऊन आल्या आणि 1887 मध्ये पुण्यात गेल्या. त्यामुळे थंडीच्या बाबतीत मी आईला हसले नाही.

पण दोन किलो सहाशे. सरांच्या मुलाने हवा काढून घ्यायची प्लॅस्टिकची पिशवी आणली. गोधडी पापडासारखी झाली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी काट्यावर ठेवली: दोन किलो सहाशे, वर पिशवीचे ऐंशी ग्रॅम. हवा काढल्याने जागा वाचते, वजन नाही. हे विज्ञानाच्या बाईंच्या समोर घडलं.

मी तलासरीला जाऊन आईंशी बोलले. मला वारली बोली समजते, बोलता नीट येत नाही. त्या मराठीत बोलल्या. मी वजनाचं सांगितलं, खजिल होऊन. त्यांनी गोधडी मांडीवर घेतली, कडेची शिवण दाताने तोडली आणि आतले थर मोजले. जुन्या लुगड्यांचे सहा थर होते. म्हणाल्या, "दोन ठेवते. वरचं आणि माझ्या आईचं." तीन दिवसांनी नवी गोधडी आली, टाके पूर्वीसारखेच दाट. एक किलो शंभर. थंडीसाठी वरून ती अंगातलं जाकीट टाकणार होती, आणि जाकीट अंगात घालून विमानात चढलं की ते कुणी तोलत नाही.

चित्राचं काम सरांनी स्वतःच केलं. दोन दिवस ते गप्प होते, मला वाटलं रागावले. तिसऱ्या दिवशी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, फ्रेम उघडली, कापडावरचं चित्र सोडवलं आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलं. दीडशे ग्रॅम. रिकामी फ्रेम स्टाफरूममध्येच आहे. त्यात आता वेळापत्रक लावलंय. पेढे आम्ही सगळ्यांनी तिथेच संपवले. डबे परत गेले, आणि लोणच्याच्या बरण्या देणाऱ्या बाईंनी त्या माझ्या घरी पाठवल्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

शेवटची बेरीज: गोधडी 1100, खाणं 900, भांडी 500, विजेचं 400, चित्र 150, बाटली 50, आणि थायरॉइडची पट्टी काढून उरलेली औषधं 200. तीन किलो तीनशे. शंभर ग्रॅम शिल्लक होते. तिने त्यात पांढऱ्या मातीची पुडी टाकायचा विचार केला, चित्रं काढायला. मी म्हटलं माती नको, तपासणीत प्रश्न विचारतील, तांदळाची पिठी टाक. ती टाकली.

दोन तारखेला तिचा मेसेज आला, तिथले पावणेतीन, आपल्याकडे सव्वासहा. चावी मिळाली होती. त्यानंतर रात्रभर काही नाही. मी दीडपर्यंत जागी होते. सकाळी कळलं की गादीवर गोधडी अंथरून ती झोपली ती रात्री दहालाच उठली, दुकानं बंद झाली होती. स्वयंपाकघरात इंडक्शन निघालं. पहिली खिचडी बुडाला लागली, कारण आकडा नऊवर ठेवला होता. दुसरी सहावर ठेवली आणि जमली. ठेपले टिकले, पोह्यांचं पाकीट बॅगेत फुटलं आणि मोज्यांत पोहे सापडत राहिले, तेव्हा पुढच्या वेळी दोन पिशव्या. एक्स्टेन्शन बोर्ड शेजारच्या खोलीतली नायजेरियन मुलगी पहिल्याच दिवशी मागायला आली.

शनिवारी ती दुकानात गेली. ट्रॉलीजवळ उभी राहून तिने दंडाचं कापड उसवलं, नाणं घातलं, सामान घेतलं, ट्रॉली परत लावली, नाणं काढून घेतलं. दाराशी एक म्हातारा बसला होता, त्याच्या पेल्यात टाकलं. मग तिच्या लक्षात आलं की बाकीची दोन नाणी खोलीवरच राहिली आहेत आणि बटाटे घ्यायचे विसरलेत.

अम्मीला सांगितलं. तिने विचारलं, बटाटे मग कसे आणले? टोपलीत, म्हटलं. टोपलीला नाणं लागत नाही.